वापरून टाकायचा ब्राउझर-गेस्ट

संशयास्पद संकेतस्थळ उघडण्यापुरते सुरू करून लगेच मोडीत काढायचे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक; यालाच गेस्ट म्हणतात. आत फक्त ब्राउझर असतो; फाइली, पासवर्ड, मेल काहीही ठेवलेले नसते. असा गेस्ट डिस्कशिवाय चालवणे सर्वांत सोपे. लिनक्सच्या लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या, आवृत्तीची आयएसओ फाइल घेऊन लिनक्स लॅपटॉपवर क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला पुढील आज्ञा द्यावी:

```
qemu-system-x86_64 -enable-kvm -m 4096 -cdrom live.iso -nic user
```

यात ४ जीबी मेमरी दिली आहे, डिस्क मात्र जोडलेलीच नाही. त्यामुळे आत जे उतरेल ते मेमरीत राहते आणि खिडकी बंद करताच जाते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत २०१९पासून Windows Sandbox हेच काम करते. तिथे क्लिपबोर्ड मुळातच मुख्य संगणकाशी जोडलेला असतो. तो आधी बंद करावा.

दादरच्या एखाद्या घरात ‘आज रात्री वीज कापली जाईल’ असा संदेश येतो, खाली बिल भरण्याची लिंक. ती गेस्टमध्ये उघडली, तर पानाने ढकललेली फाइल लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. गेस्टची भिंत फोडणारे दोष दुर्मीळ असले तरी सापडलेले आहेत: २०१५मध्ये क्यूईएमयूच्या फ्लॉपी नियंत्रकातला ‘व्हेनम’ त्यांपैकीच. म्हणून क्यूईएमयू अद्ययावत ठेवणे आलेच.

गोपनीयता मात्र यातून फारच थोडी मिळते, आणि गैरसमज इथेच होतो. लिंकमध्ये त्या मोबाइल क्रमांकासाठी वेगळा सांकेतिक भाग असेल, तर ती उघडताच हा क्रमांक चालू आहे हे पाठवणाऱ्याला कळते. आयपी पत्ता घरच्या जोडणीचाच जातो. इंटरनेट पुरवठादाराला पान नाही, पण संकेतस्थळाचे नाव सहसा दिसते. त्या पानावर कार्डाचा तपशील भरला, तर गेस्ट काहीच वाचवू शकत नाही.

याहून कमी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे ठसा. कुकी पुसल्या जातात, पण प्रत्येक नवा गेस्ट आधीच्या गेस्टसारखाच हुबेहूब असतो: तोच खिडकीचा आकार, तेच फॉन्ट, ग्राफिक्स कार्डाऐवजी सॉफ्टवेअरने काढलेले चित्र, आणि लाइव्ह आवृत्तीत बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे, घड्याळ. मुंबईच्या आयपीवरून यूटीसी वेळ सांगणारे ब्राउझर थोडेच. एवढ्यावरून आजचा आणि कालचा पाहुणा एकच, हे संकेतस्थळ ताडू शकते. घड्याळ Asia/Kolkata केल्याने वेगळेपण कमी होते, संपत नाही. आयपी लपवायचा असेल, तर वाहतूक इतर संगणकांतून फिरवणारे टॉरसारखे जाळे लागते.

घरच्या जाळ्याचीही एक चाचणी करावी. गेस्टमध्ये राउटरचा पत्ता, बहुधा `192.168.1.1`, उघडावा. लॉगिनचे पान आले, तर गेस्टला घरातली इतर उपकरणेही गाठता येतात. तेवढ्या वेळापुरता लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्यावा.