दोन अँपिअरचा फ्यूज नेमकं कुणाला वाचवतो?

पुणे-सातारा रस्त्यावर रोज जा-ये करणाऱ्यांच्या गाडीत आता आरशामागे छोटा कॅमेरा सर्रास दिसतो. खंबाटकी घाटात कुणी मागून घासून गेलं की पुरावा हातात असतो, एवढं कारण पुरेसं आहे. हा डॅशकॅम सिगारेट लायटरच्या सॉकेटवरही चालतो. पण मग वायर डॅशबोर्डवर लोंबते, आणि गाडी बंद करून उभी केल्यावर कॅमेराही झोपतो. म्हणून लोक त्याला थेट फ्यूज बॉक्समधून करंट देतात. साताऱ्यात ॲक्सेसरीच्या दुकानात हे काम बसल्या बसल्या होतं. तिथे हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “दोनचा फ्यूज नाही शिल्लक, पंधराचा टाकतो, काही होत नाही.” त्या दिवशी खरंच काही होत नाही. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी सामान बघू. कॅमेऱ्याला ५ व्होल्ट लागतात आणि गाडीत १२ व्होल्ट असतात. मधे एक काळी डबी असते, ती १२ चे ५ करते. डबीतून बहुतेक वेळा तीन वायरी निघतात. एक कायम चालू असलेल्या फ्यूजवर, दुसरी चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवर आणि तिसरी बॉडीच्या एखाद्या बोल्टखाली अर्थिंगला जाते. पहिल्या दोन वायरी फ्यूज बॉक्सला जोडण्यासाठी जो प्लॅस्टिकचा तुकडा वापरतात तो फ्यूज टॅप. गाडीचा फ्यूज काढून त्या जागी टॅप खोचायचा. टॅपला स्वतःची दोन घरं असतात. एकात गाडीचा जुना फ्यूज परत बसतो, दुसऱ्यात कॅमेऱ्यासाठी नवा. जुन्या सर्किटचं काम पूर्वीसारखं चालू राहतं आणि शेजारून नवी फांदी निघते. फांदी कुठून काढायची हे मात्र बघावं लागतं. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या कंप्युटरचे फ्यूज सोडून द्यावेत. सॉकेटचा किंवा म्युझिक सिस्टिमचा बरा.

‘फ्यूजचा साइज’ म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात. पहिली म्हणजे आकार. जुन्या गाड्यांतला साधा ब्लेड फ्यूज सुमारे १९ मिमी रुंद असतो, मिनी साधारण ११ मिमी. तिसरा लो-प्रोफाइल मिनी. तो तेवढाच रुंद, पण उंचीला जवळजवळ निम्मा, आणि त्याचे पाय प्लॅस्टिकच्या खाली बाहेर न येता दोन्ही बाजूंना चिकटलेले असतात. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत हाच असतो, आणि फसगतही इथेच होते. मिनी आणि लो-प्रोफाइल यांच्या पायांची रुंदी सारखी असल्यामुळे चुकीचा टॅपही आत गेल्यासारखा वाटतो. मग तो हलतो, पकड सैल राहते आणि सैल पकड तापते. गाडीतला एक फ्यूज काढून तो दुकानदाराला दाखवून टॅप घेतला तर हा प्रश्न उरत नाही.

दुसरी गोष्ट अँपिअर. आपल्या कॅमेऱ्याच्या चार्जरवर ५ व्होल्ट, २ अँपिअर असं लिहिलंय असं धरू. म्हणजे जास्तीत जास्त १० वॅट. डबीत थोडी वीज उष्णता होऊन जाते, म्हणून गाडीकडून सुमारे १२ वॅट लागतील. १२ वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १ अँपिअर. कायम चालणारा भार फ्यूजच्या क्षमतेच्या पाऊणपटीत ठेवावा असा रिवाज आहे, तेव्हा दीडच्या आत कुठेतरी येतो. बाजारात मिळणारा त्यावरचा फ्यूज २ अँपिअरचा, राखाडी रंगाचा. कॅमेरा सुरू होताना घेत असलेल्या झटक्याने तो उडत असेल तर ३ अँपिअरचा, जांभळा. इथे थांबायचं.

का थांबायचं, याचं उत्तर कॅमेऱ्यात नाही, वायरीत आहे. फ्यूज कॅमेरा वाचवायला नसतोच. कॅमेऱ्यातलं नाजूक चिप फ्यूज वितळायच्या कितीतरी आधी जळून गेलेलं असतं. फ्यूज असतो तो त्याच्यापासून डबीपर्यंत जाणाऱ्या वायरीसाठी, आणि त्यातही सर्वांत बारीक तुकड्यासाठी. टॅपची स्वतःची वायर बऱ्यापैकी जाड दिसते, पाकिटावर १० अँपिअर लिहिलेलं असतं, कधी १० चा लाल फ्यूजही आत बसवून आलेला असतो. त्यावर जाऊ नये. पुढे जोडलेली किटची वायर बऱ्याचदा जेमतेम एक तृतीयांश चौरस मिमी तांब्याची असते.

आता या वायरीवर १५ अँपिअरचा निळा फ्यूज बसवला आहे असं समजू. वायर कुठेतरी पत्र्याला घासून सरळ शॉर्ट झाली, तर काय होईल? अशा वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०५ ओहम. तीन मीटरला ०.१६. जोडांचा रोध धरला तरी करंट ५०-६० अँपिअरवर जाईल. ब्लेड फ्यूजच्या जागतिक मानकानुसार साडेतीनपट करंटला तो अर्ध्या सेकंदाच्या आत उडायला हवा. म्हणजे पक्क्या शॉर्टमध्ये पंधराचा फ्यूजही आपलं काम करतो. “काही होत नाही” म्हणणाऱ्याचा अनुभव इथून आलेला असतो, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे.

धोका अर्धवट शॉर्टचा. डबी आतून बिघडली, किंवा घासलेली वायर पत्र्याला नुसती टेकून राहिली, आणि करंट १२ अँपिअरवर अडकला. पंधराचा फ्यूज हे १२ अँपिअर दिवसभर शांतपणे जाऊ देईल, कारण त्याच्या लेखी सगळं मर्यादेत आहे. वायरीच्या प्रत्येक मीटरमध्ये मात्र १२ गुणिले १२ गुणिले ०.०५३, म्हणजे साडेसात वॅटहून जास्त उष्णता तयार होत राहील. नेहमीच्या १ अँपिअरला हीच उष्णता वॅटच्या विसाव्या भागाएवढी असते. करंट बारापट, उष्णता एकशे चव्वेचाळीसपट. ही वायर उघड्यावर नसते. छताच्या कापडामागे, फोममध्ये दाबलेली असते, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीत तिथली हवा आधीच तापलेली असते. वायरीचं प्लॅस्टिक मऊ पडून तांबं उघडं पडायला आणखी काही लागत नाही. तिथे २ चा फ्यूज असता तर त्याच्यासाठी १२ अँपिअर म्हणजे सहापट, आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या आत उडाला असता.

पण योग्य फ्यूज विकत घेऊनही तो चुकीच्या घरात बसू शकतो, आणि ही चूक मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण कॅमेरा अगदी व्यवस्थित चालतो. सॉकेटचा १५ चा फ्यूज काढून टॅप लावला, आणि २ चा गेला सॉकेटच्या घरात, १५ चा कॅमेऱ्याच्या. मोबाइल चार्ज होतो, सगळे खूश. मग एके दिवशी टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप सॉकेटला लावला. तो ८-१० अँपिअर खातो. २ चा फ्यूज क्षणात जातो, सॉकेट मरतं, कॅमेरा मात्र चालूच राहतो. हे लक्षण दिसलं की पंपाला शिव्या न देता आधी टॅप उघडून बघावा.

बहुतेक टॅपमध्ये पायांच्या लगतचं घर जुन्या फ्यूजचं असतं. पण अंदाजापेक्षा मल्टिमीटर बरा. टॅप गाडीबाहेर हातात असताना एकच फ्यूज एका घरात घालायचा आणि मीटर बीपवर ठेवायचा. दोन पायांमध्ये बीप आली तर ते घर गाडीच्या जुन्या फ्यूजचं. बीप एक पाय आणि वायरीचं टोक यांच्यात आली तर ते घर कॅमेऱ्याचं. या दुसऱ्या वेळी जो पाय वाजला त्यावर मार्करने खूण करून ठेवावी, कारण लगेच लागणार आहे.

फ्यूज बॉक्समधल्या खाचेला दोन टोकं असतात. एकाला बॅटरीकडून करंट येतो, दुसरं पुढे उपकरणाकडे जातं. फ्यूज काढून, चावी ऑन करून टेस्ट लॅम्पने बघितलं की कुठलं टोक जिवंत आहे ते कळतं. खूण केलेला पाय त्या जिवंत टोकात गेला पाहिजे. उलटा बसला तर कॅमेऱ्याचा करंटही आधी सॉकेटच्या फ्यूजमधून जातो आणि मग कॅमेऱ्याच्या. या उलट्या टॅपची भीती गरजेपेक्षा जास्त घातली जाते असं माझं मत आहे. वायरीला तिचा २ चा फ्यूज तेव्हाही राखतोच, १५ च्या फ्यूजवर फक्त १ अँपिअर वाढतो. त्रास होतो तो सॉकेटचा फ्यूज उडाल्यावर, कारण त्याच्याबरोबर कॅमेराही बंद पडतो. बसवून झाल्यावर तपासणीही तीच: चावी ऑन ठेवून जुना फ्यूज उपटायचा. कॅमेरा चालू राहिला तर टॅप सरळ आहे.

काही महिन्यांनी २ चा फ्यूज उडू लागला तर मोठा टाकण्याचा मोह होतो. तसं करण्याआधी वायरीचा रस्ता बोटांनी तपासावा. समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावरचं कव्हर परत बसवताना त्याच्या क्लिपखाली वायर दबलेली सापडते, ही नेहमीची जागा. त्याच खांबात पडदा एअरबॅग असेल तर वायर तिच्या पुढून नाही, मागून गेली पाहिजे. वायर सगळीकडे शाबूत असेल तर डबी संशयित. डबीपासून कॅमेरा सोडवूनही फ्यूज उडत असेल, तर ती बदलावी.

राहिला प्रश्न स्वस्तात मिळणाऱ्या रंगीत फ्यूजच्या डब्यांचा. काहींची आतली तार आकड्यापेक्षा जाड असते, आणि ते वरून ओळखू येत नाही. गॅरेजमध्ये एक फ्यूज खर्ची घालून हे तपासता येतं. ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब बॅटरीवर साडेचार अँपिअरच्या आसपास करंट घेतो. त्याच्या वायरीत मधे २ चा फ्यूज घालून बल्ब लावायचा. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत गाडीचा नेहमीचा फ्यूज राहू द्यावा आणि परीक्षेतला फ्यूज हातात धरू नये, चटका बसतो. दुपटीहून जास्त करंट असल्यामुळे बल्ब क्षणभर पेटून, फार तर पाच सेकंदांत विझायला हवा. तो मिनिटभर तसाच पेटलेला राहिला, तर त्या डब्यातल्या राखाडी फ्यूजवर छापलेल्या २ ला काही अर्थ नाही, आणि बाकीच्या रंगांवरही भरवसा ठेवू नये.