कपॅसिटरच्या फटीत काय वाहतं?

"सर, प्लेटांच्या मधून थोडासा करंट उडी मारून जातो, त्यालाच विस्थापन करंट म्हणतात ना?" – नागपुरातल्या सीताबर्डीच्या शिकवणीतला बारावीचा प्रश्न.

नाही. फटीतून एकही इलेक्ट्रॉन जात नाही. तिथे बदलतं ते विद्युतक्षेत्र. नावाचा घोळ मॅक्सवेलचाच: 1861-62 मध्ये त्याने ईथरमधले, म्हणजे सगळीकडे भरलेलं मानल्या गेलेल्या माध्यमातले, कण सरकतात असं धरलं होतं. ईथर गेलं, नाव उरलं.

मग विस्थापन करंटचं हे पद लागतं कशाला? तारेभोवती एक वर्तुळ घ्या. अँपिअरचा नियम म्हणतो, वर्तुळावर ताणलेल्या पृष्ठभागातून जाणारा प्रवाह मोजा. सपाट पडदा तारेला छेदतो: समजा 2 अँपिअर. तोच पडदा पिशवीसारखा फुगवून दोन प्लेटांमधून नेला, तर शून्य. वर्तुळ एकच आणि उत्तरं दोन, हे चालायचं नाही.

प्लेटवरचा भार Q, क्षेत्रफळ A, तर फटीत E = Q/(ε₀A). म्हणून ε₀A·dE/dt = dQ/dt, म्हणजे बरोबर 2 अँपिअर. डावीकडचं ε₀A·dE/dt हाच विस्थापन करंट. पिशवीचा हिशोब जुळला, कारण तारेतून आलेला भार प्लेटवर साचतो आणि क्षेत्र त्याच वेगाने वाढतं.

प्लेटची त्रिज्या 5 सेंमी असेल, तर अक्षापासून 2.5 सेंमीवर पाव क्षेत्रफळ, म्हणून 0.5 अँपिअर, आणि चुंबकीय क्षेत्र 4 मायक्रोटेस्ला. (कडेला क्षेत्र वाकतं, ते इथे सोडलंय.) मात्र हे टिकत नाही: मध्ये हवा असेल तर सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागातच ठिणगी पडेल. तेव्हा मात्र इलेक्ट्रॉन खरेच उडी मारतील!