जाड झालेला खांब ओझं घेतोच असं नाही

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात मागच्या उन्हाळ्यात एक घर पाहायला गेलो होतो. दुमजली घर, वीस-बावीस वर्षांपूर्वीचं, नऊ खांबांचं. मोरीशेजारच्या खांबाला उभी भेग गेली होती आणि प्लॅस्टरचे पापुद्रे सुटले होते. घरमालक काकांनी गावातल्या मिस्त्रीकडून त्याच्याभोवती दोन इंच सिमेंट चढवून घेतलं होतं. वर्षभरात त्या नव्या थरालाही त्याच जागी भेग पडली. काका मला म्हणाले, "भाऊ, आता तं खांब पह्यल्यापेक्षा जाड झाला. मंग काहून फुटून राह्यला?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण खांब जाड केला की मजबूत होतो असं आपण सगळेच धरून चालतो. काँक्रीटच्या खांबाला बाहेरून नव्या सळ्या आणि नव्या काँक्रीटचं वेष्टण घालतात, त्याला जॅकेटिंग म्हणतात. ते नीट केलं तर खांबाला खरोखर बळ मिळतं. पण त्यातलं मर्म जाडीत नसून ओझ्याच्या वाटणीत आहे, आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जातं.

आधी भेगेचं कारण पाहू. हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातला. घर बांधताना काँक्रीट कालवायला आणि नंतर त्यावर मारायला विहिरीचंच खारं पाणी वापरलं होतं. चांगल्या काँक्रीटमध्ये सळीवर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि त्यामुळे ती गंजत नाही. मिठातला क्लोराईड हा पापुद्रा जागोजागी फोडतो. मग ओल आणि हवा मिळाली की गंज सुरू होतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतं, त्यामुळे वरचं काँक्रीट आतूनच ढकललं जातं. म्हणून अशी भेग आडवी किंवा तिरपी न जाता नेमकी सळीच्या रेषेत, वरून खाली जाते.

आम्ही खांबाचा एक टवका काढून ताज्या फुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन टाकलं. काँक्रीट लगेच गुलाबी झालं, म्हणजे त्यातला अल्कलीपणा शाबूत होता. जुन्या घरांत हवेतल्या कार्बन डायऑक्साईडने हा अल्कलीपणा जातो आणि मग सळ्या गंजतात. इथे तसं झालं नव्हतं. ड्रिलने काढलेली काँक्रीटची भुकटी प्रयोगशाळेत दिली, तेव्हा क्लोराईड मर्यादेच्या बरंच वर निघालं. सिमेंटचा नवा थर वर्षात का फुटला याचं उत्तर तिथेच मिळालं. मीठ आणि गंज दोन्ही आतच होते, वर फक्त झाकण बसलं होतं.

मधल्या काळात काकांना कोणीतरी सांगितलं होतं की हा खांब नैर्ऋत्येला असल्यामुळे दोष लागला, शांती करून घ्या. शांती झाली, पैसेही गेले. खारं पाणी नऊही खांबांत एकसारखंच गेलं होतं. याच खांबाला आधी गंज लागला, कारण मोरीमुळे तो रोज ओला होऊन रोज वाळत होता. मोरी ईशान्येला असती तर ईशान्येचा खांब आधी फुटला असता. अशा सल्ल्यात वर्ष जातं आणि त्या वर्षात सळी आणखी बारीक होते, याचा मला राग येतो.

आता मूळ मुद्दा. खांब २३० गुणिले ३०० मिलिमीटरचा, उंची तीन मीटर, आणि त्याच्यावर वरच्या मजल्यासकट साधारण २५ टन ओझं. काँक्रीट कमी दर्जाचं निघालं. बाहेरचा फुटका थर आणि गंजलेल्या सळ्यांची घट धरून हिशेब केला, तर या खांबावर पुरेशी सुरक्षितता राखून १७ टनांच्या आसपासच ओझं ठेवता येत होतं. याचा अर्थ तो उद्याच पडणार होता असा नाही. संकटासाठी राखून ठेवलेली शिल्लक तो रोजच्या रोज वापरत होता.

समजा, या खांबाभोवती आपण चांगलं नवं काँक्रीट ओतलं. ते घट्ट झालं. आता नव्या काँक्रीटवर किती ओझं आलं? जवळजवळ शून्य. काँक्रीट दाबलं गेल्याशिवाय ओझं घेत नाही. २५ टनांखाली जुना खांब पूर्वीच दबून बसलेला आहे. त्याची उंची त्या ओझ्याने साधारण ०.७ मिलिमीटर कमी झालेली आहे. नवं काँक्रीट या दबलेल्या अवस्थेतल्या खांबाशेजारी येऊन उभं राहतं, आणि त्याला स्वतःला कोणी दाबलेलंच नसतं. पुढे वर एखादी खोली बांधली आणि पाच टन वाढले, तर त्यातले चार टन नवं वेष्टण घेईल, कारण ते मोठं आणि ताठ आहे. पण आधीचे २५ टन जुन्याच खांबावर राहतील.

पोत्याखाली वाकलेल्या माणसाशेजारी दुसरा गडी नुसता उभा राहिला, तर पहिल्याचं वजन कमी होत नाही. पोतं दोघांनी मिळून क्षणभर वर उचलावं लागतं, तेव्हाच दुसऱ्याला खांदा घालता येतो. खांबालाही असंच उचलावं लागतं.

त्यासाठी खांबाच्या दोन्ही बाजूंना, बीमच्या खाली, हायड्रॉलिक जॅक लावतात. सेंट्रिंगचे साधे टेकू इथे पुरत नाहीत, कारण ते धरून ठेवतात, उचलत नाहीत. जॅकखालची जमीन ही आपल्याकडची मोठी अडचण. कपाशीची काळी जमीन दाबाखाली खचते, म्हणून जॅकचं ओझं लोखंडी गर्डर आणि लाकडी स्लीपरांवरून रुंद जागेवर पसरवावं लागतं. खांबाजवळ डायल गेज बसवतात, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं घड्याळासारखं मापक. आम्ही २५ पैकी १५ टन जॅकवर घेतले, तेव्हा काटा ०.४ मिलिमीटर वर सरकला. नखाच्या जाडीइतकीच ही हालचाल, पण सगळं काम तिच्यावर उभं असतं. सगळे २५ टन उचलण्याचा मोह धरू नये. खांबावर येणारं ओझं तेवढ्या वेळापुरतं बीमच्या टोकांतून जॅककडे जातं, आणि जास्त जोर लावला तर बीमलाच तडे जातात.

जॅकवर ओझं आल्यावरच छन्नी-हातोडा हातात घ्यायचा. हा क्रम उलटा झाला तर घात होतो. सैल थर सळ्यांच्या मागेपर्यंत काढून टाकला की खांब १८० गुणिले २५० मिलिमीटरचा उरतो, म्हणजे एक तृतीयांश खांब आपणच तोडलेला असतो. सळीच्या मागे दोन-अडीच सेंटिमीटर तरी जावं लागतं, नाहीतर खारट काँक्रीट सळीला चिकटून राहतं आणि गंज पुढे चालू राहतो. सळ्या ब्रशने उजळ होईपर्यंत घासायच्या. उरलेला पृष्ठभाग खडबडीत करायचा, धूळ उडवायची आणि ओतण्याआधी पाणी पाजून वरचं पाणी सुकू द्यायचं. कोरडं काँक्रीट नव्या मालातलं पाणी ओढून घेतं. बरेच मिस्त्री सिमेंटची स्लरी आदल्या दिवशी लावून ठेवतात. ती वाळली की दोन काँक्रीटच्या मधे कागदासारखी राहते आणि जोड तिथेच सुटतो.

नवं वेष्टण चारही बाजूंनी १०० मिलिमीटरचं. आयएस १५९८८ या २०१३ च्या भारतीय मानकात किमान एवढीच जाडी सांगितली आहे. नव्या काँक्रीटची ताकद जुन्यापेक्षा निदान पाच मेगापास्कल जास्त हवी, हेही त्यातच आहे. प्रत्येक कोपऱ्यात दोन अशा १६ मिलिमीटरच्या आठ सळ्या घातल्या, कारण मधोमध बीम आडवे येतात आणि कोपऱ्यातूनच सळ्या स्लॅबमधून आरपार नेता येतात. खाली मात्र पाया उघडून त्या पायातच रुजवाव्या लागल्या. फरशीवरून सुरू केलेलं वेष्टण कुठेच टेकत नाही. वेष्टणाचं स्वतःचं वजनही टनाच्या वर जातं, म्हणून पाया तेवढा रुंद केला.

रिंगा आठ मिलिमीटरच्या, दर १०० मिलिमीटरवर. काँक्रीट वरून दाबलं की बाजूला फुगू पाहतं, आणि रिंगा त्याला फुगू देत नाहीत. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते तसंच. फरक एवढा की धाव तापवून चढवतात, ती थंड होताना आकसते आणि पहिल्या क्षणापासून आवळते. रिंग काँक्रीट फुगायला लागल्यावर काम सुरू करते. म्हणून तिची टोकं काटकोनात मोडलेली असली तर ऐन वेळी उघडतात. ती १३५ अंशात वळवून खांबाच्या आत शिरलेली हवीत.

काँक्रीटसाठी पाणी गोडं आणलं, कालवायला आणि मारायलाही. सळ्यांच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराईड चालत नाही. नव्या वेष्टणात विहिरीचं पाणी गेलं असतं तर वीस वर्षांनी पुन्हा हाच खेळ झाला असता.

सगळ्यात अवघड जागा बीमच्या खाली असते. साच्यात कडेने ओतलेलं काँक्रीट खाली बसतं आणि माथ्याशी बोटभर फट राहते. बाहेरून गिलावा केला की ती दिसत नाही, पण ओझं बीमकडून वेष्टणात यायचा सरळ रस्ता तिथेच तुटतो. आम्ही स्लॅबला भोकं पाडून वरून बारीक गिट्टीचं काँक्रीट ओतलं आणि माथ्याचा शेवटचा भाग ग्राउटने, म्हणजे न आकसणाऱ्या पातळ सिमेंटच्या मालाने भरला. तुमच्याकडे असं काम झालं असेल तर गिलाव्याआधी करवतीचं पातं बीम आणि वेष्टणाच्या मधे घालून पाहा. पातं आत गेलं तर ते काम अपुरं आहे. मग हातोड्याने सगळीकडे ठोकून पाहा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे माल पोचलेला नाही.

गंजाच्या बाबतीत एक मर्यादा सांगायलाच हवी. गाभ्यात खोलवर गेलेलं मीठ जॅकेटिंगने निघत नाही. काकांच्या बाकीच्या आठ खांबांत तेच मीठ आहे. मोरीची गळती बंद करून ते कोरडे ठेवायचे आणि दरवर्षी सळीच्या रेषेत केसाएवढी भेग दिसते का पाहायचं, असं ठरलं आहे.

अठ्ठावीस दिवसांनी जॅक हळूहळू सैल केले. १५ टन आता जुन्या गाभ्यावर आणि नव्या वेष्टणावर मिळून येणार होते. नव्या वेष्टणाच्या वाट्याला त्यातले बारा यावेत असा माझा हिशेब होता, म्हणजे जुन्यावर १३ राहावेत. नवं काँक्रीट पुढे थोडं आकसतं आणि दबतं, त्यामुळे काही ओझं हळूहळू जुन्याकडे परत जातं, पण १७ च्या खाली तेवढी जागा होती. माथ्याला फट राहिली असती किंवा जोड सुटला असता, तर काटा चढला होता तेवढाच किंवा जास्तच खाली आला असता. काका डायलवर वाकून उभे होते. शेवटचा जॅक मोकळा झाला तेव्हा ०.४ वर असलेला काटा ०.३ च्या जरासा खाली येऊन थांबला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच होता.