आशयाची छाटणी

संकेतस्थळावरची तोकडी किंवा कालबाह्य पाने तपासून ती सुधारावीत, शोधनिकालांबाहेर ठेवावीत की काढून टाकावीत हे ठरवण्याच्या कामाला आशयाची छाटणी म्हणतात. रोजच्या बोलण्यात त्याला ‘कंटेंट प्रूनिंग’ असेच म्हटले जाते. एका भागातल्या निकृष्ट पानांचा फटका अख्ख्या संकेतस्थळाला बसू शकतो, हे गूगलने शोधनिकालांच्या क्रमवारीतल्या २०११ च्या ‘पांडा’ बदलानंतर स्पष्ट केले आणि तेव्हापासून या कामाला जोर आला.

तोकडे पान म्हणजे लहान पान नव्हे. विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर चार ओळींत मिळत असेल, तर ते पान भरलेले आहे. म्हणून शब्द मोजण्याआधी पाहावे ते हे, की त्या पानामागचा प्रश्न आजही कुणाला पडतो का.

समजा, एका सॉफ्टवेअरच्या मदत-संकेतस्थळावर ‘पासवर्ड बदलणे’ याची तीन पाने आहेत. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात संकेतस्थळाची शोधातली १६ महिन्यांपर्यंतची आकडेवारी दिसते. ती पाहता तिन्ही पाने एकाच शोधासाठी आलटून पालटून दिसतात आणि क्लिक मात्र फारसे कुणालाच मिळत नाहीत. इथे उत्तम पान निवडावे, उरलेल्या दोहोंतला उपयुक्त मजकूर आणि नवे स्क्रीनशॉट त्यात घालावेत आणि जुने पत्ते 301 या कायमच्या वळवणीने त्याच्याकडे न्यावेत. बंद झालेल्या सुविधेच्या पानाला पर्याय नसेल, तर 404 किंवा 410 हा ‘पान नाही’ असा संकेत द्यावा. असे पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे ही चूक आहे: वाचक गोंधळतो आणि गूगल त्यांना बहुधा ‘सॉफ्ट 404’, म्हणजे नसल्यातच जमा, समजते. जुन्या आवृत्तीचे ग्राहक अजून असतील, तर त्यांचे पान राहू द्यावे आणि ते कोणत्या आवृत्तीचे आहे हे वर ठळक लिहावे.

पान शोधनिकालांत घेऊ नका असे शोधयंत्राला सांगणाऱ्या noindex ची जागा त्यामानाने छोटी आहे. आत आलेल्या वाचकाला लागणारी, पण शोधातून कुणी थेट येण्यात अर्थ नसलेली पाने, उदाहरणार्थ अंतर्गत शोधाचे निकाल, यांना ते शोभते.

```
<meta name="robots" content="noindex">
```

घोटाळा होतो तो पुढच्या पायरीला. हा टॅग लावून तेच पान कुणी शोधयंत्राला वाट अडवणाऱ्या `robots.txt` फाइलमध्येही अडवले, की क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा शोधयंत्राचा प्रोग्राम, आत येत नाही, टॅग वाचत नाही आणि बाहेरच्या दुव्यांमुळे नुसता पत्ता निकालांत दिसत राहू शकतो. निकालांत ‘या पानाची माहिती उपलब्ध नाही’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर आधी हीच शंका घ्यावी. अडथळा काढून क्रॉलरला पान पुन्हा वाचू द्यावे लागते. सर्च कन्सोलमधून पान तात्पुरते लपवता येते, पण ते सुमारे सहा महिनेच.

जुनी पाने काढल्याने संकेतस्थळ ‘ताजे’ ठरून वर येते, हा समज गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्टपणे नाकारला आहे. मजकूर तोच ठेवून फक्त तारीख बदलण्याविरुद्धही तिथे इशारा दिला आहे.