परदेशी एम.आर्क.चा पोर्टफोलिओ: ए१ शीट ए४ पानावर आणताना

कॉलेजातल्या सबमिशनच्या शीट लहान करून एका पीडीएफमध्ये टाकल्या की पोर्टफोलिओ झाला, असं जळगाव-धुळ्याकडच्या पुष्कळ मुलांना वाटतं. आमच्या ऑफिसात ट्रेनिंगला आलेली रावेरची एक मुलगी जर्मनीला अर्ज करत होती. तिची पहिली फाईल अशीच होती: ए१ आकाराच्या १२ शीट, ६४ एमबी. विद्यापीठाची अट होती ए४ आडवी, जास्तीत जास्त २४ पानं, १० एमबी.

आधी पात्रता. पाच वर्षांचा बी.आर्क. झालेल्याने अमेरिकेत अर्ज करताना कोर्सचं नाव नीट वाचावं. काही विद्यापीठांत एम.आर्क. दोन प्रकारचं असतं. पहिलं, ज्यांच्याकडे आर्किटेक्चरची व्यावसायिक पदवी नाही त्यांच्यासाठी, दुसरं, बी.आर्क.वाल्यांसाठी. चुकून पहिल्यात गेलात तर एखादं वर्ष जास्तीचं आणि त्याची फी वेगळी. जर्मनीसाठी गुणपत्रिका तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून पोर्टफोलिओच्या आधी तो अर्ज टाकावा. बाकी गुणपत्रिका, भाषेच्या परीक्षेचा निकाल, उद्देशपत्र आणि शिफारसपत्रं सगळीकडे जवळपास सारखीच.

आता शीटचं. ए१ची रुंदी ८४१ मिमी, ए४ची २९७. म्हणजे सगळं २.८ पट आकसतं. शीटवर अडीच मिमी उंचीची अक्षरं पानावर एक मिमीपेक्षाही लहान होतात. ०.१३ मिमीची बारीक रेघ ०.०५ च्या आसपास येते, म्हणजे स्क्रीनवर करडा धूर. आणि खाली लिहिलेलं ‘स्केल १:१००’ चक्क खोटं ठरतं, कारण ते आता १:२८३ झालेलं असतं. तपासणाऱ्याच्या नजरेत हे पटकन भरतं. स्केल आकड्यात लिहू नका, पट्टी काढा. ती चित्राबरोबर लहान होते.

म्हणून तिला म्हटलं, शीट लहान करू नकोस, ड्रॉइंग परत काढ. तिच्याकडे सगळ्यात भक्कम काम थीसिस नव्हतंच. दुसऱ्या वर्षी तिने गावातलं धाब्याचं घर मोजून काढलं होतं, त्याचा सेक्शन होता. थीसिसच्या रंगीत रेंडरसमोर ते तिला साधं वाटायचं. पण रेंडर कोणीही करतो. दोन फूट जाडीची मातीची भिंत, वर लाकडी तुळया, त्यावर बारीक लाकडं, मातीचा थर आणि पाणी झिरपू नये म्हणून खारी माती, हे सगळं सेक्शनमध्ये दाखवणारी मुलं थोडी. तो सेक्शन तिने एका पूर्ण पानावर घेतला. कापलेल्या भिंती जाड रेघेत, मागचं बारीक. फूट-इंच काढून मीटर टाकले. खाली दोनच ओळी: उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांकडे जातं, आणि हे छप्पर दुपारचा ताप आत यायला उशीर करतं. ‘धाबं’ म्हणजे काय हे आपल्याकडे कोणी विचारणार नाही, तिकडे मात्र सगळे विचारतील.

मग पानं मोजली. मुखपृष्ठ आणि अनुक्रम मिळून २, धाब्याच्या घराला ५, थीसिसला ९, एका घरकुल प्रकल्पाला ५, हाताची स्केचेस आणि मॉडेलचे फोटो ३. थीसिसच्या नऊपैकी दोन पानं फसलेल्या पर्यायांची ठेवली, कारण अंतिम प्लॅन तसा का झाला हे तिथेच कळतं.

फाईल जड का होती ते उशिरा सापडलं. फोटो नव्हते, हॅच होते. कॅडमधून आलेल्या एका साइट प्लॅनमध्ये गवताच्या हजारो रेघा होत्या, त्या एका पानाने फाईल फुगवली होती. ते पान १५० डीपीआयची प्रतिमा करून टाकलं, फोटोही १५० वर आणले आणि फाईल ८ एमबीवर आली. फॉन्ट एम्बेड केलेत का, हे बघायला ती मोबाईलवर उघडून पाहिली. मराठी अक्षरं फुटली असतील तर तिथेच दिसतं.

राहिली श्रेयाची गोष्ट. गटातलं काम असेल तर किती जणांचं आणि त्यात तुमचं काय, ते त्याच पानावर लिहा. अनेक विद्यापीठं काम स्वतःचंच असल्याचं सही केलेलं निवेदनही मागतात. तिने आमच्या ऑफिसच्या बंगल्याचं रेंडर टाकलं होतं. ते काढायला लावलं. त्या बंगल्याच्या खिडक्यांचे डिटेल तिने एकटीने काढले होते. मालकाची परवानगी घेऊन तेवढेच एका पानावर घेतले, कडेला लिहिलं: ‘ऑफिसचा प्रकल्प, माझं काम फक्त खिडक्या.’ त्या एका पानासाठी घरकुलाचं एक पान गेलं.