गोदाम स्वयंचलन

गोदामातला माल हलवण्याचे काम माणसाऐवजी यंत्राकडे देण्याची पद्धत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि केवळ करासाठी राज्याराज्यांत डेपो ठेवण्याचे कारण उरले नाही. देशाच्या मध्यावरच्या नागपूरला मोठी एकत्रित गोदामे सोयीची ठरू लागली, तसा माल यंत्राने हलवावा का, हा प्रश्न येथेही आला.

ऑर्डर भरणाऱ्या कामगाराचा निम्म्याच्या आसपास वेळ चालण्यात जातो. कन्व्हेयरचा पट्टा भरलेली खोकी ठरलेल्या वाटेने नेतो. वाट कायम आणि खोक्यांचा ओघ अखंड असेल तरच तो परवडतो; एक मोटर बंद पडली की मागची सारी रांग थांबते. ‘माल माणसाकडे’ या पद्धतीत कामगार एका जागी उभा राहतो आणि चपटे रोबो अख्खी रॅक उचलून त्याच्यासमोर आणतात. रोबो एकेक करून वाढवता येतात, हा त्यांचा मोठा गुण.

वर्धा मार्गावरच्या सुट्या भागांच्या एका कल्पित गोदामाचा हिशेब मांडू. एका शिफ्टमध्ये बिलांच्या ६,००० ओळी भरायच्या आहेत; एक ओळ म्हणजे बिलावरचा एका प्रकारचा माल. हाताने एक कामगार दिवसाला ६०० ओळी भरतो, म्हणून दहा माणसे लागतात. रोबोंच्या मदतीने चार पुरतात. माणशी महिना २०,००० रुपये खर्च धरला, तर सहा जणांचे वर्षाला १४.४ लाख वाचतात. यंत्रणा २ कोटींची आणि देखभाल वर्षाला १६ लाखांची धरली, तर बचत देखभालीलाही पुरत नाही. तीच यंत्रणा तीन शिफ्ट चालून १८,००० ओळी भरू लागली, तर बचत ४३.२ लाख होते. वाढती देखभाल २० लाख धरून वर्षाला सुमारे २३ लाख उरतात. तरी भांडवल फिटायला साडेआठ वर्षे लागतात, आणि तोवर बॅटऱ्या बदलण्याची वेळ आलेली असते. म्हणून येथील मजुरीच्या दरात केवळ माणसे कमी करण्यासाठी रोबो घेणे बहुधा चुकते. चुकीच्या मालाची परती फार महाग पडत असेल किंवा सणासुदीला माणसेच मिळत नसतील, तर हिशेब बदलतो.

रोबोंमुळे जागा वाचते, हा दावाही तपासून घ्यावा. माणसांसाठीच्या बोळी लागत नसल्याने रॅक दाटीने लावता येतात खऱ्या, पण रोबोने उचलायची रॅक साधारण दोन-अडीच मीटरच उंच असते. दहा मीटर उंचीच्या शेडमध्ये वरची सारी जागा भाड्याने घेऊन रिकामी राहते.

नागपूरची खास अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांवर गेला की पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त तापते, आणि लिथियम बॅटरीच्या चार्जिंगची मर्यादा सहसा ४५ अंशांच्या आसपासच असते. दुपारी चार्जरपुढे रोबोंची रांग वाढू लागली आणि सकाळी ती नसली, तर दोष उष्णतेचा समजावा. छताला उष्णतारोधक अस्तर आणि चार्जिंगच्या कोपऱ्यात कूलर, हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागतो.

यंत्र घेण्याआधी रोज खपणारा माल पॅकिंगच्या टेबलाजवळ आणून आठ-दहा ऑर्डरी एकाच ट्रॉलीवर भरून पाहाव्यात. चालणे त्यानेही बरेच कमी होते, आणि वरचा हिशेब मग त्या कमी झालेल्या चालण्यावर नव्याने करावा लागतो.