दीड चमचा सोडा आणि कडू झालेला केक

मागच्या महिन्यात माझ्या भाचीनं तिच्या लहान भावाच्या वाढदिवसाला घरीच केक करायचं ठरवलं. आमच्या गावात ओव्हन कोणाकडेच नाही, त्यामुळे नेहमीसारखाच कुकरमध्ये, खाली मिठाचा थर, शिटी आणि रिंग काढून. मोबाइलवर पाहून तिनं सगळं मोजून घेतलं, दीड कप मैदा, पाऊण कप दूध, पिठीसाखर, तेल, आणि दीड चमचा बेकिंग पावडर. पण गावच्या किराणा दुकानात बेकिंग पावडर नव्हती, दुकानदार म्हणाला खायचा सोडा ने, एकच असते ते. तिनं दीड चमचा सोडा टाकला.

केक आधी फुगला बरं का, चांगला टम्म फुगला, आणि पंधरा-वीस मिनिटांत मधातून बसला. बाहेर काढून कापला तर आतून तपकिरी-पिवळा, आणि तोंडात टाकला तर साबणासारखी चव, मागून कडू. पोरगी रडकुंडीला आली, म्हणे मावशी, काहून असा झाला, मी तर सगळं मोजून टाकलं होतं.

तिनं मोजलं बरोबरच होतं, वस्तू वेगळी होती.

खायचा सोडा म्हणजे नुसतं सोडियम बायकार्बोनेट, त्यात दुसरं काहीच नाही. त्याच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू पूर्ण निघायला आंबट काहीतरी लागते, म्हणजे दही, ताक, लिंबू, व्हिनेगर. हे आंबट भेटलं की सोडा त्याच्यासोबत संपून जातो, वायू निघतो आणि मागे कडू असं काही राहत नाही. आणि बेकिंग पावडर म्हणजे तोच सोडा, पण त्याच्यासोबत कोरडं आम्ल आधीच मोजून मिसळलेलं, आणि दोघं डब्यातच एकमेकांशी भिडू नयेत, ओल शोषली जावी म्हणून वरून कॉर्नफ्लोअर. म्हणून एक चमचा बेकिंग पावडरमध्ये खरा सोडा पाव चमच्याच्या आसपासच असतो. म्हणजे भाचीनं जिथे साधारण पाऊण चमच्याच्या अर्ध्याएवढा सोडा पाहिजे होता तिथे त्याच्या चौपट टाकला, आणि आंबट तर काहीच नाही, कारण केक दुधाचा होता.

मग आंबट नसताना तो फुगला कसा, हे तिनंच विचारलं आणि प्रश्न एकदम बरोबर आहे. सोडा नुसता गरम झाला तरी तुटतो, पण तेव्हा त्याच्यातला अर्धाच वायू सुटतो आणि उरलेल्याचं सोडियम कार्बोनेट होते, म्हणजे धुण्याचा सोडा. हो, कपड्याचा तोच. साबणासारखी चव आली ती त्याच्यामुळे, आणि आतून तपकिरी रंग आला तोही त्याच्यामुळेच, कारण असं अल्कधर्मी पीठ लवकर करपट रंग धरते. आणि बसला याच्यासाठी की सोडा इतका जास्त होता की बुडबुडे भराभर निघाले, मोठे झाले, एकमेकांत मिसळून फुटले, आणि मैद्याची भिंत शिजून घट्ट व्हायच्या आतच वायू निघून गेला.

हे खरंच असं आहे का हे पाहायचं तर घरातच एक सोपी परीक्षा आहे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो हे आपल्याकडे सगळ्या बायांना माहीत आहे. तसंच, वाटीत थोडं कोमट पाणी घेऊन चिमूटभर हळद कालवली आणि त्या बसलेल्या केकचा एक तुकडा त्याच्यात कुस्करला, तर पिवळं पाणी विटकरी लाल होऊन राहिलं आमच्या डोळ्यांसमोर. केकमध्ये सोडा उरला आहे याचा हा पुरावा. भजीच्या पिठात हळद असते आणि सोडा जास्त पडला की भज्यांवर लालसर ठिपके दिसतात, तेही हेच आहे.

आता बदली करता येते का, तर येते, पण चमच्याला चमचा नाही. एक चमचा बेकिंग पावडरच्या जागी पाव चमचा सोडा, आणि तो सोडा संपवायला पुरेसं आंबट. कितीक आंबट, तर पाव चमचा सोड्याला साधारण अर्धा कप चांगलं आंबट दही किंवा ताक, नाहीतर पोह्याच्या चमच्यानं नाही, मोठ्या जेवणाच्या चमच्यानं एक चमचाभर लिंबाचा रस. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी अर्धाच छोटा चमचा लिंबू लिहिलेलं असते, त्यानं केक फुगतो, पण आम्ल पुरत नाही आणि थोडा सोडा उरतो. गोड, ताजं दही घेतलं तरी तेच होते, ते दिसायला दही असते पण आम्ल कमी, म्हणून आदल्या दिवसाचं आंबटलेलं दहीच घ्या.

आम्ही दुसऱ्या दिवशी तोच केक परत केला. दीड चमचा बेकिंग पावडरच्या जागी पाव चमचा सोडा आणि वर त्याच्या अर्धा, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडा कमी. पाऊण कप दूध काढून टाकलं आणि त्याच्या जागी पाऊण कप आंबट दही, ते घट्ट असल्यानं वरून दोन-तीन चमचे दूध. बाकी सगळं तेच. सोडा मैद्यात दोनदा चाळून घेतला, कारण एका ठिकाणी गठ्ठा राहिला तर तेवढाच घास कडू लागतो.

आणि एक गोष्ट जी पाकृतीत कोणी नीट सांगत नाही, कुकर आधी दहा मिनिटं गरम करून ठेवा आणि दही घातल्यावर मिश्रण तसंच पडू देऊ नका. सोडा आणि दही भेटले की वायू लगेच सुटायला लागतो. बाजारातली बहुतेक बेकिंग पावडर दोन टप्प्यांत काम करते, थोडा वायू ओलं झाल्यावर आणि बराचसा गरम झाल्यावर, म्हणून तिचं मिश्रण थोडा वेळ राहिलं तरी चालून जाते. ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक ओव्हन आहे आणि मिश्रण कालवून झाल्यावरच लाइट गेली, त्यांचा सोड्याचा केक दगड होतो, पावडरवाला बहुतेक वाचतो.

उलटी बदली, म्हणजे सोड्याच्या जागी पावडर, हीसुद्धा होते, पाव चमच्याला पाऊण ते एक चमचा. फक्त पाकृतीत दही किंवा ताक असेल तर त्याचा आंबटपणा तसाच राहतो, कारण पावडरनं आपलं आम्ल स्वतःच आणलेलं असते, म्हणून तिथे दही कमी करून दूध घ्या. आणि पावसाळ्यात उघड्या पडलेल्या डब्यातली पावडर ओल धरून मरते. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहा, फसफसून वर आली तर ठीक, नाहीतर टाकून द्या.

आमचा दुसरा केक कुकरमध्ये पस्तीस-चाळीस मिनिटांत झाला, आतून पांढरट, मऊ, आणि त्याचा तुकडा हळदीच्या पाण्यात कुस्करला तर पाणी पिवळंच राहिलं. आता भाचीला दह्याऐवजी आंबट संत्र्याचा रस घालून करायचा आहे, पाव चमचा सोड्याला अर्ध्या कपाच्या थोडा आत रस लागेल, आणि पहिला बार ती आमच्या बागेतल्या आंबिया बहाराच्या संत्र्याचा करून पाहणार आहे.